टेपखालचा ओठ

आठव्या महिन्यातच जन्माला आलेल्या बाळाचा पहिला फोटो बहुतेक वेळा बाबाच काढतो. आई अजून खालच्या वॉर्डात असते, सिझरचे टाके ओले असतात, तिला उठवत नाही. बाळ वर एनआयसीयूत, काचेच्या पेटीत. जिथे मोबाइल आत न्यायला परवानगी असते तिथेही सिस्टर आधी कोपरापर्यंत हात धुवायला लावतात, गाऊन घालायला देतात आणि फ्लॅश मारू नका म्हणून बजावतात. मग घाईघाईत दोन-चार फोटो निघतात. त्यातला बरा फोटो आईला दाखवला जातो. कित्येक आयांनी आपल्या बाळाचं तोंड पहिल्यांदा पाहिलेलं असतं ते असं, मोबाइलवर. लोकरीची टोपी, दुपट्याची कड, मिटलेले डोळे, आणि नाकातून निघून गालावरून कानामागे गेलेली एक नळी. नळी हलू नये म्हणून गालावर एक चिकटपट्टी आणि नाकाखाली, वरच्या ओठावर, दुसरी.

बाळ घरी येतं, बाळसं धरतं, बारसं होतं. तोच फोटो मोठा करून लावायचं ठरतं आणि कुणीतरी विचारतं, एवढी नळी काढून मिळेल का? मी फोटो दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो. गालावरची नळी काढणं खरोखरच अवघड नाही. ओठावरची पट्टी काढणं मात्र फार अवघड आहे, आणि हा फरक आकाराचा नाही. गालावर पट्टीखाली काय झाकलं गेलंय ते शेजारच्या त्वचेवरून कळतं. ओठाचं तसं कळत नाही. तिथे आपण जो ओठ काढू तोच पुढे त्या बाळाचा ओठ म्हणून दोन्ही घरांत ओळखला जाईल. ज्या समाजात बाळ बघायला आलेला प्रत्येक माणूस आधी नाक कुणावर आणि ओठ कुणावर हे ठरवतो, तिथे ही लहान गोष्ट नाही.

नळी तिथे का असते हे आधी पाहू, कारण पुढचं काम तिच्या जाडीवर आणि ती कशी चिकटवली आहे त्यावर ठरतं. दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ बाळाला साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला पाजायला गेलं तर दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून नाकातून किंवा तोंडातून थेट जठरापर्यंत एक मऊ नळी घालतात, तिला सिरिंज जोडून सिरिंज उंच धरतात आणि आईचं काढलेलं दूध आपल्या वजनाने हळूहळू आत उतरतं. नळी किती आत घालायची हे आधी बाळाच्या अंगावरच मोजतात. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, आणि तिथून छातीचं हाड जिथे संपतं ती जागा व बेंबी यांच्या मध्यापर्यंत. त्या मापाची खूण नाकपुडीपाशी येते. नळीवर सेंटिमीटरचे काळे आकडे छापलेले असतात, आणि चांगल्या फोटोत नाकपुडीच्या बाहेरचा आकडा वाचतासुद्धा येतो.

नवजात बाळाला बहुधा 5 किंवा 6 नंबरची नळी घालतात. या नंबराला तीनने भागलं की मिलिमीटरमध्ये जाडी मिळते. म्हणजे 6 नंबरची नळी बरोबर दोन मिलिमीटर. ती एखादा सेंटिमीटर जरी सरकली तरी दूध भलतीकडे जाऊ शकतं, म्हणून ती पक्की चिकटवावी लागते. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा फार पातळ असते आणि तिचे थर एकमेकांना नीट धरून नसतात. चिकटपट्टी ओढून काढली तर पट्टीबरोबर वरचा थर निघून येऊ शकतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी गालावर आधी त्वचेला जपणारा एक जाडसर, मऊ तुकडा लावतात आणि पट्टी त्या तुकड्यावर चिकटवतात. फोटोपुरती पट्टी काढा असं सिस्टरना का म्हणू नये, त्याचं कारण हेच.

आता एक फोटो नीट पाहू. आईने परवानगी दिली आहे, नाव अर्थातच सांगणार नाही. बाळ 33व्या आठवड्यात झालेलं, वजन 1700 ग्रॅम. फोटो पाचव्या दिवसाचा. पेटीच्या बाजूची गोल खिडकी उघडून त्यातून काढलेला, म्हणून काचेची चकाकी नाही, हे नशीब. उजेड फोटोच्या डाव्या बाजूच्या खिडकीतून येतोय. नळी फोटोतल्या उजव्या नाकपुडीतून निघून उजव्या गालावरून कानाकडे गेली आहे, म्हणजे पट्टी सावलीच्या बाजूला आहे.

त्यांनी पहिल्यांदा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिथे साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. माझ्याकडे आलेल्या फोटोची लांब बाजू 1600 ठिपक्यांची होती, आणि बाबांच्या मोबाइलमध्ये तोच फोटो 4000 बाय 3000 ठिपक्यांचा पडून होता. या फरकाचा अर्थ मिलिमीटरमध्ये बघितला की लगेच कळतो. बाळाचा चेहरा सुमारे सात सेंटिमीटर रुंद. मूळ फोटोत त्या रुंदीला 1400 ठिपके मिळाले होते, म्हणजे प्रत्यक्षातल्या एका मिलिमीटरला 20. आलेल्या प्रतीत एका मिलिमीटरला फक्त 8. त्यात फोटो लहान जागेत बसवताना जेपेग पद्धत त्याचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील जमेल तितका कमी करते. म्हणजे त्या प्रतीत बाळाच्या गालाचा एकेक मिलिमीटर हा एकेक चौकोन झाला होता. त्वचेचा पोत, गालावरची बारीक लव, सगळं त्या चौकोनांत विरघळलेलं. अशा फोटोत पट्टीच्या जागी लावायला खरी त्वचाच उरत नाही. मग काम करणारा माणूस गुळगुळीत रंग भरतो आणि बाळ मेणाच्या बाहुलीसारखं दिसू लागतं. म्हणून पहिली विनंती कायम हीच असते. ज्या मोबाइलने फोटो काढला त्याच मोबाइलमधून, फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बाबांनी तसा पाठवला.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत उघडायची आणि तिच्यावर एक रिकामा पारदर्शक थर घेऊन सगळं काम त्या थरावर करायचं. फोटोशॉपमध्ये ब्रशच्या सेटिंगमध्ये Current & Below निवडलं की खालच्या फोटोतली त्वचा उचलून वरच्या थरावर ठेवता येते. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये Sample merged हा पर्याय तेच काम करतो. चुकलं तर वरचा थर तेवढ्या जागी पुसायचा, खाली फोटो जसाच्या तसा असतो.

हत्यारं मुख्यतः दोन. क्लोन स्टँप एका जागची त्वचा जशीच्या तशी उचलून दुसऱ्या जागी ठेवतो. हीलिंग ब्रश त्याहून वेगळं करतो. तो उचललेल्या जागेचा फक्त पोत घेतो आणि रंग व उजेड मात्र जिथे ठेवायचं तिथल्या कडेवरून घेतो. मऊ गालावर तो फार सुंदर चालतो. पण कडेला काही परकं असेल तर तेही तो आत ओढतो. पांढऱ्या पट्टीला लागून ब्रश फिरवला की पट्टीचा पांढरेपणा त्वचेत झिरपतो आणि गालावर दुधाळ डाग उमटतो. नवख्या हातांनी केलेल्या कामात हा डाग हटकून दिसतो. त्यावर उपाय असा की पट्टीची कड आधी क्लोनने त्वचेखाली झाकून टाकायची, आणि कुठेही पांढरं उरलं नाही याची खात्री झाल्यावरच हीलिंग ब्रश हातात घ्यायचा.

गालावरची उघडी नळी साधारण चार सेंटिमीटर होती. दोन मिलिमीटर जाडी म्हणजे 40 ठिपके. ब्रश 60 ठिपक्यांचा घेतला. वाढीव 20 ठिपके सावलीसाठी. नळी गालापासून किंचित वर असते, तिची बारीक सावली उजेडाच्या उलट बाजूला पडते आणि डोळ्यांना ती नळीचाच भाग वाटते. नळी काढून सावली राहिली तर गालावर एक करडी रेघ उरते, आणि बघणाऱ्याला कळत नाही की काय खटकतंय, पण खटकतं. ब्रश लांब ओढायचा नाही, छोटे छोटे टेकवायचे, आणि दर वेळी त्वचा नवीन जागेवरून उचलायची. एकाच जागेवरून उचलत गेलं तर तोच बारीक ठिपका ओळीने चार ठिकाणी दिसतो.

पट्टी मोठी होती, अडीच सेंटिमीटर बाय दीड, म्हणजे 500 बाय 300 ठिपके. इथे मनात पहिल्यांदा येतं ते असं की दुसरा गाल मोकळा आहेच, तोच आरशासारखा उलटवून इकडे लावावा. तसं केलं की उजेड फसतो. डावा गाल खिडकीकडे आहे, त्याचा फुगीर भाग चमकतोय. तो उलटवून उजवीकडे लावला की एकाच बाळाच्या तोंडावर दोन खिडक्यांचा उजेड येतो. कपाळाची त्वचा आणून लावावी तर कपाळ गालाइतकं लालसर नसतं आणि अशा बाळांच्या कपाळावर लव जास्त असते. म्हणून मी आधी रंग आणि मग पोत अशा दोन फेऱ्या करते. पट्टीच्या चहूबाजूंच्या त्वचेवरून आठ-दहा जागचे रंग उचलायचे आणि अगदी मऊ कडेचा ब्रश दहा-पंधरा टक्के जोराने फिरवत नाकाकडच्या उजळ रंगापासून कानाकडच्या सावलीपर्यंत उतार तयार करायचा. या फोटोत कानापाशी सावलीतही थोडा गुलाबी रंग होता, कारण दुपटं गुलाबी होतं आणि त्याचा उजेड गालावर परत येत होता. तो गुलाबी पट्टीखालच्या भागातही थोडा यायला हवा होता. हा उतार बसला की गाल गोल दिसतो, पण काचेसारखा गुळगुळीत. त्यावर मग त्याच गालाच्या खालच्या, जबड्याजवळच्या भागातला पोत हीलिंग ब्रशने आणायचा.

या पट्टीत एक फसवी गोष्ट होती. पट्टीखालचा तो जपणारा तुकडा पट्टीपेक्षा थोडा मोठा कापलेला असतो, त्याची मिलिमीटर-दीड मिलिमीटरची कड बाहेर राहते. तो पारदर्शकसर आणि रंगाने त्वचेच्या जवळचा असतो. पांढरी पट्टी गेल्यावर डोळ्यांना समाधान वाटतं आणि ही कड तशीच राहते. मग लांबून पाहिलं की गालावर एक अंधूक आयत दिसतो, जणू कुणी तिथे बोटाने चौकट आखली आहे. ओळखायची खूण एकच. त्या कडेवर लव नसते आणि उजेड तिच्यावर जरा तेलकट चमकतो.

आता ओठ. वरच्या ओठाच्या मधोमध सुमारे एक सेंटिमीटर पट्टी होती. दोन्ही कोपरे दिसत होते. मधली खाच आणि नाकापासून ओठापर्यंत उतरणारी पन्हळ पूर्ण झाकलेली. माणसाचा चेहरा ओळखू येण्यात या एवढ्याशा जागेचा वाटा फार मोठा असतो. आणि हात सवयीचा असतो. नवजात बाळाचा ओठ काढायला गेलं की खोल खाच असलेला, चित्रातल्या बाळांचा ओठ निघतो. तो गोड दिसतो आणि तो या बाळाचा नसतो.

मी आईला विचारलं, पट्टी नसलेला एखादा फोटो आहे का? त्याच आठवड्यातला, कसाही चालेल. त्या म्हणाल्या, "ताई, फोटो नाही. पण सिस्टर टेप बदलत होत्या तेव्हा यांनी व्हिडिओ घेतला होता, हललेला आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ओठ मात्र आहे तसाच ठेवा हं. सासूबाई म्हणतात ओठ आत्यावर गेलेत."

व्हिडिओ खरंच हललेला होता आणि त्यातलं एकेक चित्र फोटोपेक्षा बरंच लहान. त्यातली त्वचा वापरता येण्यासारखी नव्हती. आकार मात्र दिसत होता. बाळाचं तोंड फोटोतल्या कोनाच्या सगळ्यात जवळ होतं असं एक चित्र निवडलं, फोटोवर पातळ करून ठेवलं, डोळ्यांचे आतले कोपरे आणि नाकाचा शेंडा एकमेकांवर येईतो लहान-मोठं केलं, आणि ओठाची रेषा वेगळ्या थरावर आखून घेतली. मधली खाच उथळ होती, जवळजवळ सपाट, आणि ओठाची डावी बाजू उजवीपेक्षा केसभर वर होती. माझ्या मनाने काढला असता तर असा ओठ निघालाच नसता. नंतर ते चित्र बाजूला काढलं आणि त्या रेषेच्या आत, फोटोतल्याच ओठाच्या दोन कोपऱ्यांतून मध्याकडे, त्याच ओठाची त्वचा आणत गेले. आकार व्हिडिओतला, त्वचा फोटोतली, दोन्ही त्याच बाळाची. पन्हळीच्या दोन कडांपैकी खिडकीकडची किंचित उजळ आणि पलीकडची किंचित गडद केली. एवढ्याने ती उठून दिसते, रेघ ओढायची गरज पडत नाही.

नाकपुडीत दुसरी अडचण असते. नळीने ती ताणलेली असते आणि पट्टीच्या ओढीने गालाकडे सरकलेली असते, त्यामुळे नळी काढली तरी आकार तसाच वाकडा राहतो. डाव्या नाकपुडीचं माप घेऊन उजवी तेवढी आत ढकलली, पण पूर्ण सारखी केली नाही, कारण तोंड थोडं वळलेलं होतं आणि पलीकडची नाकपुडी एरवीही अरुंदच दिसली असती. नाकपुडीचा आतला अंधार काळा नसतो, गडद तांबूस असतो. तिथे काळा रंग भरला की छिद्र पाडल्यासारखं वाटतं. डाव्या नाकपुडीतला रंग उचलून वापरला.

काम झालं असं वाटलं की ते तपासायचं. मी एक तात्पुरता थर टाकून फोटोचा उजेड-अंधार मुद्दाम फार तीव्र करते. साध्या डोळ्यांना न दिसणारे डाग, दुधाळ भाग, आयताची कड, सगळं त्यात उठून येतं. फोटो आडवा उलटवून पाहते, कारण तासन्‌तास एकाच बाजूने पाहिलेल्या चेहऱ्यातला वाकडेपणा डोळ्यांना दिसेनासा होतो. आणि बोटभर लहान करून पाहते. शेवटी पोत. मोबाइलच्या फोटोत सगळीकडे बारीक कणकण असते, विशेषतः कमी उजेडात. ब्रशने रंगवलेल्या भागात ती नसते, म्हणून त्या भागावर तेवढीच कणकण पुन्हा घालावी लागते. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटमध्ये हे लक्षात येत नाही. आठ बाय बारा केला की लगेच येतं.

कुठे थांबायचं हा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे आणि तिथे मी हट्टी आहे. या बाळाच्या नाकावर पांढरे बारीक ठिपके होते. नवजात बाळांना ते असतातच, आपोआप जातात. खांद्यावर लव होती. त्वचा लालसर होती, कारण पातळ त्वचेतून आतलं रक्त दिसतं. यातलं काहीही काढलं नाही. बाळ त्या दिवशी तसंच होतं आणि आईला ते तसंच हवं होतं. नळी आणि पट्टी ही तेवढी बाहेरून आलेली. हाताच्या मनगटावरचा पट्टा राहू द्यायचा का, हे आईला विचारलं. त्यांनी राहू द्या म्हटलं, पण त्यावरचं नाव आणि नंबर पुसून घेतले. मोठा फोटो भिंतीवर लागतो, बारशाच्या बॅनरवर चढतो. तिथे रुग्णालयाचा नंबर कशाला हवा?

काही फोटोंना मी हात लावत नाही. तोंडात श्वासाची नळी असेल, नाकावर मास्क असेल, दोन्ही गाल आणि पूर्ण तोंड पट्ट्यांनी झाकलेलं असेल आणि दुसरा एकही फोटो नसेल, तर पट्ट्यांखालचा चेहरा कुणालाच माहीत नाही. तिथे जे काही काढू ते दुसऱ्याच कुणाचं बाळ असेल. अशा वेळी मी गालावरची उघडी नळी काढते आणि ओठावरची पट्टी राहू देते, किंवा फोटो डोळ्यांपाशी, मुठीपाशी कापून देते. आईच्या बोटाभोवती मिटलेली मूठ हा फार चांगला फोटो होतो. कधी तीन-चार महिन्यांनंतरचा फोटो घेऊन येतात. तोवर गाल भरलेले असतात, सगळी मापं बदललेली असतात. ओठाच्या खाचेचा अंदाज त्यावरून घेता येतो, पण तो अंदाजच आहे हे मी घरच्यांना आधी सांगते.

काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळाचा फोटो रंगात सुधारता येत नाही. तो उजेड 460 ते 490 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, त्यात लाल जवळजवळ नसतोच, आणि बाळाच्या त्वचेचा रंग तर लालातच साठवलेला असतो. फोटोत जे नोंदलंच गेलं नाही ते परत आणता येत नाही. तो फोटो कृष्णधवल केला की फार देखणा होतो, आणि नळी काढणंही सोपं जातं कारण रंग जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

एका वेगळ्या प्रकारच्या कामाबद्दलही लिहायला हवं. काही बाळं घरी येत नाहीत. त्यांच्या आईवडिलांकडे असतो तो हाच एक फोटो, नळीचा. अमेरिकेत 2005 मध्ये नाऊ आय ले मी डाउन टू स्लीप ही संस्था सुरू झाली. आपलं बाळ गमावलेल्या शेरिल हॅगर्ड आणि त्यांच्या बाळाचे फोटो काढणाऱ्या सँडी पुच या दोघींनी ती उभी केली. तिथले स्वयंसेवक छायाचित्रकार अशा कुटुंबांसाठी विनामूल्य फोटो काढतात आणि त्यांच्यासोबत फोटो दुरुस्त करणारे स्वयंसेवकही असतात. ते फोटो बहुतेक कृष्णधवल असतात. माझ्याकडेही अशी कामं येतात. तेव्हा मी दोन गोष्टी पाळते. आईवडिलांनी जेवढं सांगितलं तेवढंच करायचं, आपल्या मनाने काही सुंदर करायचं नाही. आणि मूळ फोटो दुरुस्त केलेल्या फोटोबरोबर, वेगळ्या पाकिटात, तारीख घालून परत द्यायचा. आज नळी बघवत नाही असं म्हणणारे आईवडील काही वर्षांनी नळीचा फोटो मागतात, कारण त्यांनी त्या बाळाला प्रत्यक्षात पाहिलं होतं ते नळीसकटच.

ज्यांचं बाळ आत्ता, या क्षणी पेटीत आहे त्यांच्यासाठी थोडं. नळी आणि पट्टी अधूनमधून बदलावी लागते, आणि त्या वेळी चेहरा काही क्षण मोकळा असतो. सिस्टरना आधी सांगून ठेवा, त्यांच्या कामात अडथळा न आणता, त्यांनी हो म्हटलं तरच, बाजूला उभं राहून एक साधा व्हिडिओ घ्या. पाच सेकंदही पुरतात. तो हलला, अंधारा आला तरी पुसू नका. फ्लॅश बंद ठेवा. पेटीच्या काचेतून फोटो घ्यावा लागला तर मोबाइल काचेला जितका जवळ धराल तितकी चकाकी कमी येईल. एकच फोटो न काढता एकाच जागेवरून आठ-दहा काढा, बाळ मान हलवतं आणि एखाद्या फोटोत ओठाचा तो कोपरा दिसतो जो बाकी सगळ्यांत झाकलेला असतो. आणि घरी आल्यावर मोबाइलमधली जागा रिकामी करताना मूळ फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की, असं म्हणून पुसू नका.